वाढदिवस दोघांचा, हिरमुसली तिसरी!

मे महिन्याची सुट्टी लागली की आजीचं घर नातवंडांनी भरतं आणि जवळजवळच्या तारखांचे वाढदिवस एकत्र करायचा बेत ठरतो. खर्च वाचतो, सगळे भेटतात. पण घरातल्या एकुलत्या एका लेकराला हा बेत कसा वाटतो, हे कुणी विचारत नाही. आतापर्यंत केक, फुंकर, टाळ्या सगळं त्याचं एकट्याचं असतं.

ओळखीतल्या एका घराचंच बघा. मुलगी एकुलती एक, सहावं पूर्ण होणार १४ मेला. आतेभाऊ नऊ वर्षांचा, त्याचा वाढदिवस १७ला. त्याची धाकटी बहीण चार वर्षांची, तिचा थेट नोव्हेंबरात. पार्टी ठरली मधल्या रविवारी. आईने पहिलं शहाणपणाचं काम केलं ते हे, की १४ तारीख लेकीची तिच्यापाशीच ठेवली. सकाळी औक्षण, तिच्या आवडीचा शिरा, संध्याकाळी आईबाबांबरोबर बागेत. स्वतःचा दिवस पदरात पडला की रविवार वाटून घेणं जड जात नाही.

दोन दिवस आधी तिला पार्टीचा क्रमही सांगितला. आधी दादाचं औक्षण, मग तुझं. मोठा आधी, ही घरातली रीत मुलांना चटकन पटते. मग केक. एक किलोच्या एकाच केकवर दोन नावं घालण्यापेक्षा अर्ध्या अर्ध्या किलोचे दोन केक बरे. ‘सुरी कुणाच्या हातात’ हा वाद तिथेच मिटतो. गाणं दोनदा म्हणायचं, मेणबत्त्या दोनदा लावायच्या. आणि धाकटीसाठी तिसऱ्यांदा! चार वर्षांच्या मुलीला वाढदिवसापेक्षा फुंकर मारायचं अप्रूप जास्त. दोन मिनिटांचं काम, पण ते राहिलं तर तासभराचं रडणं.

तिच्या खेळण्यांचं काय? पाहुणी मुलं येऊन सगळ्याला हात लावणार, याची एकुलत्या मुलांना सवय नसते. आईने तिला सांगितलं, ‘तुझ्या जिवाभावाच्या तीन वस्तू कपाटात ठेव, त्या कुणी मागणार नाही. बाकीच्या सगळ्यांच्या.’ कपाटात गेली एक जुनी बाहुली, एक वही आणि एक फुटका टॉर्च. (का, ते विचारू नये.)

आता भेटवस्तू. मोठी माणसं किंमत सारखी ठेवतात, पण लहान मुलं पुडकी मोजतात आणि कुणाचं मोठं ते बघतात. चारशेचं पुस्तक आणि चारशेचा भलामोठा ट्रक हे त्यांच्या लेखी सारखं नसतंच. म्हणून आत्या, काका, मावशी यांना आधीच फोन करून सांगावं, की दोघांना एकेकच पुडकं, साधारण एकाच आकाराचं. ‘दोघांत मिळून’ म्हणून एकच खेळणं तर मुळीच नको. सुट्टी संपल्यावर ते कुणाच्या घरी जाणार? या घरी दादाला कॅरम मिळाला. खेळायचा सगळ्यांनी, पण जाणार दादाबरोबर, हे आजीने पुडकं फोडण्याआधीच सांगून टाकलं.

धाकटीला ‘वाईट वाटू नये’ म्हणून वाढदिवसाची भेट देण्याचा मोह होतो. माझ्या मते देऊ नये. दिली तर मोठ्या दोघांना आपल्या दिवसाचं काहीच राहिलं नाही असं वाटतं आणि नोव्हेंबरात तीच अपेक्षा त्यांची असते. त्याऐवजी रिटर्न गिफ्ट सगळ्या मुलांना एकसारखं द्यावं, वाढदिवसवाल्या दोघांनाही. रंगीत खडूंची पेटी आणि साबणाच्या फुग्यांची बाटली पुरे. रंगसुद्धा एकच, नाहीतर गुलाबीवरून महाभारत! शिवाय धाकटीला काम द्यावं. इथे ती भेटी नेऊन द्यायची, म्हणून प्रत्येक पुडकं आधी तिच्या हातात आलं.

भेटी उघडल्या पाहुणे गेल्यावर, आळीपाळीने, एक दादाची, एक हिची. उघडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ज्याची त्याची. नवं खेळणं हातात पडताक्षणी ‘दे की तिला, मोठी ना तू’ म्हटलं की मूल ते छातीशी घट्ट धरतं.

एवढं करूनही बिनसतंच. एकुलतं मूल बहुतेकदा आरडाओरडा करत नाही. ते गप्प होतं, आईचा पदर सोडत नाही, नाहीतर खेळणं घेऊन कोपऱ्यात बसतं. इथे ती साडेसातला अशीच स्वयंपाकघरात आली. आईने काही न विचारता तिला पाच मिनिटं पुऱ्या मोजायला बसवलं. ती आपणहून परत गेली.

मात्र वयात सहा-सात वर्षांचं अंतर असेल, किंवा भावंडांचं मुळात पटतच नसेल, तर एकत्र वाढदिवसाचा घाट घालू नये. बारा वर्षांच्या मुलाला फुगे नको असतात आणि पाच वर्षांचीला त्याचे मित्र. अशा वेळी जेवण एकत्र ठेवावं आणि केक आपापल्या तारखेला कापावा.