हरल्यावर हातात काय उरतं?

'रोग' हा संगणकीय खेळ १९८०च्या सुमाराला आला, तेव्हा त्याने दोन कठोर नियम घालून दिले. तळघराचा नकाशा दर वेळी नवा, आणि मेलात तर सगळं गेलं. तीन तास जपलेली तलवार, चिलखत, सोनं, सगळं पुसलं जाणार. त्याच्यावर बेतलेल्या खेळांना आज रोगलाइक म्हणतात. पहिला नियम अनेकांना भुरळ घालतो, कारण एक डाव अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि कुठलाही डाव आधीच्यासारखा नसतो. दुसऱ्या नियमामुळे मात्र तीच माणसं चार दिवसांत खेळ बंद करतात. कामावरून दमून आलेल्या माणसाला शून्यावरून सुरुवात करणं जड जातं, यात त्याची चूक नाही.

अशांनी आधी 'हेडीस' खेळावा. सुपरजायंट गेम्सने तो २०२०मध्ये पूर्ण रूपात आणला. पाताळाचा राजा हेडीस, त्याचा मुलगा झॅग्रियस बापाच्या राज्यातून पळू पाहतो. वाटेत खोल्यांमागून खोल्या लागतात आणि पुढच्या दारावरचं चिन्ह आत काय मिळेल ते सांगतं. कुठे झ्यूसचं वरदान, कुठे जास्तीचं आयुष्य, कुठे नाणी. मेलात की रक्ताच्या कुंडातून वर येऊन बापाच्याच वाड्यात उभे राहता.

पहिल्या डावात बहुतेक जण फार तर मेगेरापर्यंत पोहोचतात. ही पहिल्या प्रदेशाच्या शेवटी चाबूक घेऊन वाट अडवणारी बाई. समजा तिने तुम्हाला मारलं. देवांची वरदानं गेली, नाणीही गेली. पण वाटेत गोळा केलेला जांभळा 'अंधार' आणि किल्ल्या तुमच्याकडेच राहतात. झॅग्रियसच्या खोलीत एक आरसा आहे. तिथे ३० अंधार मोजला की मरणाला एकदा चकवण्याची ताकद मिळते, म्हणजे पुढच्या प्रत्येक डावात प्राण गेल्यावर एकदा निम्म्या ताकदीने परत उठता येतं. हीच ताकद आणखी दोन पायऱ्या वाढते, पण त्यांची किंमत फार मोठी आहे. एका किल्लीत धनुष्य खुलं होतं. शिवाय वाड्यातली माणसं तुमच्या ताज्या पराभवाबद्दल बोलतात, मेगेरासुद्धा दिवाणखान्यात भेटते. कथा मरण्यानेच पुढे सरकते, आणि माझ्या मते अंधारापेक्षाही ही मोठी कमाई आहे.

तरीही जमत नसेल तर सेटिंग्जमध्ये गॉड मोड आहे. तो सुरू केला की शत्रूच्या फटक्यातले २० टक्के लगेच कमी होतात आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के, ८० टक्क्यांपर्यंत. दहाचा फटका आधी आठचा होतो, दहा वेळा मेल्यावर सहाचा, तीस वेळा मेल्यावर दोनचा. कथेतलं काहीही त्यामुळे अडत नाही, आणि हवा तेव्हा तो बंद करता येतो. मधेच उठावं लागलं तर ज्या खोलीत होतात तिच्या सुरुवातीपासून डाव पुन्हा धरता येतो.

'प्रगती टिकते' असं सांगणारे सगळे खेळ इतके उदार नसतात. 'डेड सेल्स'मध्ये शत्रूंकडून मिळालेल्या पेशी टप्प्याच्या शेवटी असलेल्या कलेक्टरला द्याव्या लागतात. त्याच्या दारात पोहोचण्याआधी मेलात तर त्या सगळ्या जातात. 'रोग लेगसी'मध्ये सोनं वारसाला मिळतं, पण किल्ल्यात शिरताना उरलेलं सोनं कॅरनला द्यावं लागतं, म्हणून ते आधीच सुधारणांवर उडवावं लागतं. दोन्ही खेळ चांगलेच आहेत, पण हरण्याचा जाच नको असलेल्याने सुरुवात त्यांच्यापासून करू नये.

टिकणाऱ्या कमाईचाही एक तोटा आहे. ती नसताना सुरुवातीचे डाव मुद्दाम अवघड करून ठेवल्यासारखे वाटू शकतात, आणि पुढे जिंकल्यावर आपण शिकलो की नुसते आकडे वाढले, हे कळेनासं होतं. ओळखायची खूण सोपी आहे. मेगेरा धाव घेण्याआधी काय करते हे तुम्ही आता आधीच ताडून बाजूला होता का? होत असाल तर शिकणं तुमचं आहे. तिचा प्रत्येक फटका खाऊनही जिंकत असाल, तर काम आरशाने केलं. तसं असलं तरी बिघडत नाही, पण मग शस्त्र बदलून पाहा. भाला किंवा ढाल घेतली की तोच खेळ वेगळा हात मागतो.

नवा रोगलाइक विकत घेण्याआधी दुकानदाराच्या पानावर किंवा खेळलेल्या मित्राला एवढंच विचारा: पहिल्या दहा मिनिटांत मेलो तर माझ्याकडे काय राहील? उत्तर 'फक्त अनुभव' असं आलं आणि ते तुम्हाला पुरत नसेल, तर पैसे राखून ठेवा आणि 'हेडीस' घ्या. गॉड मोड पहिल्याच दिवशी सुरू करायलाही हरकत नाही.