झाकून ठेवलेल्या पिठात काय चाललेलं असतं?

पावाची कुठलीही कृती काढा. मैदा, पाणी, यीस्ट सगळं ग्रॅममध्ये मोजून दिलेलं असतं आणि मग एक ओळ येते: ओल्या फडक्याने झाकून तासभर ठेवा, पीठ दुप्पट होईल. पाव करायला लागणाऱ्या वेळातला बहुतेक वेळ या एका ओळीत उरकून टाकलेला असतो. गंमत म्हणजे पाव बिघडतो तोही बहुधा इथेच.

बेकरीवाले या मुरण्याला प्रूफिंग म्हणतात. या काळात पिठात दोन कामं एकाच वेळी चालू असतात. यीस्ट गॅस तयार करतं आणि मैद्यातलं ग्लुटेन तो गॅस धरून ठेवायला तयार होत जातं. पहिलं काम जोरात आणि दुसरं अर्धवट झालं तर गॅस निसटतो. दुसरं झालं आणि पहिलं मागे राहिलं तर पाव दगडासारखा होतो. दोन्ही एका वेळी जुळून आली की पीठ भट्टीत घालायचं, एवढाच काय तो या खेळाचा नियम.

घरगुती लादीपावाचं उदाहरण घेऊ. मैदा 500 ग्रॅम, पाणी 320 ग्रॅम, साखर 20 ग्रॅम, लोणी 25 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम. सगळं मिळून 880 ग्रॅमच्या आसपास पीठ होतं, म्हणजे 55 ग्रॅमचे सोळा गोळे. चार ओळींत चार-चार लावले की एक लादी.

पीठ मळून झाकलं की पहिली पंधरा-वीस मिनिटं वरून काहीच दिसत नाही. बरेच जण इथेच अस्वस्थ होतात आणि फडकं उचलून उचलून बघतात. यीस्ट मात्र कामाला लागलेलं असतं. घातलेली साखर आणि मैद्यातली थोडी मूळची साखर ते खातं, आणि पिठातली एन्झाइम्स स्टार्च तोडून आणखी साखर पुरवत राहतात. साखरेचा कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल होतो. पण तो गॅस आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो. पाण्यात आणखी मावेनासा झाला की मगच तो बुडबुड्यांत शिरतो आणि पीठ वर यायला लागतं.

हे बुडबुडे यीस्टने केलेले नसतात. ते मळताना पिठात कोंडल्या गेलेल्या हवेचे असतात. अमेरिकेतल्या बेकर आणि माइझ या दोघांनी 1941 मध्ये हे दाखवून दिलं. (पावावर संशोधन करणाऱ्याचं आडनाव बेकर असावं, हा योगायोगच.) हवा काढून घेतलेल्या भांड्यात पीठ मळलं तर यीस्ट तेवढंच असूनही पावाला मोजकी, मोठाली आणि ओबडधोबड छिद्रं पडतात. कारण उघड आहे: नवा बुडबुडा शून्यातून तयार करायला फार मोठा दाब लागतो, आणि तेवढा यीस्टला जमत नाही. ते फक्त असलेले बुडबुडे फुगवतं. कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन यीस्ट लवकरच वापरून टाकतं, मागे उरतो नायट्रोजन, आणि त्याच्याच इवल्याशा पोकळ्यांत पुढचा सगळा गॅस भरत जातो. म्हणजे पावाची जाळी किती बारीक होणार, हे बरंचसं परातीतच ठरतं. मळायला कंटाळलात तर ते नंतर कितीही वेळ ठेवून भरून निघत नाही.

आता दुसरं काम. पुरणपोळीची कणीक तिंबून दोन तास ठेवतात ती का, हे घरोघरी ठाऊक आहे. ताजी कणीक लाटली की मागे आखडते, मुरलेली कणीक हवी तशी पसरते. मैद्यातली दोन प्रथिनं पाण्याशी मिळून ग्लुटेनचं जाळं करतात. एक त्याला ताण देतं, दुसरं लवचीकपणा. मळताना हे जाळं ताणलं जातं, ठेवल्यावर त्याचा ताण ढिला होतो आणि पाणी सगळीकडे सारखं मुरतं. पावाच्या पिठात याच्या जोडीला प्रत्येक बुडबुडा आतून भिंतीला हळूहळू ताणत असतो. पीठ चांगलं आल्यावर त्याची कड धरून ओढून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतील. मळून झाल्या झाल्या ते नव्हते.

मग कृतीतला तासभर आला कुठून? तो पिठाच्या एका विशिष्ट तापमानाला धरून आलेला असतो, साधारण 26-27 अंशांना. वर दिलेलं पीठ त्या तापमानाला तास-सव्वा तासात दुप्पट होतं. पण मे महिन्यात विदर्भातल्या स्वयंपाकघरात ते अर्ध्या-पाऊण तासात उतू आल्यासारखं होईल, आणि जानेवारीत नाशिकला थंड ओट्यावर दोन-अडीच तास घेईल. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की यीस्टचा वेग जवळपास दुप्पट होतो. ग्लुटेन मात्र त्या वेगाने तयार होत नाही आणि चवही तेवढ्यात उतरत नाही. उन्हाळ्यात पाव घाईने फुगतो आणि फिका लागतो, तो म्हणून.

यावर बेकरीवाले पाण्याने तोड काढतात. हवाय तो आकडा म्हणजे 27, त्याची तिप्पट 81. त्यातून मैद्याचं तापमान वजा करा, खोलीचं वजा करा, आणि मळताना घर्षणाने वाढणारे अंश वजा करा. उरेल तेवढ्या तापमानाचं पाणी घ्यायचं. मे महिन्यात मैदा 35, खोली 35, हाताने मळल्याने वाढणारे समजा 2. म्हणजे पाणी 9 अंशांचं, फ्रिजमधलं. इन्स्टंट यीस्ट आधी मैद्यात मिसळून घ्या, म्हणजे त्याला या थंड पाण्याचा थेट धक्का बसत नाही. मशीनने मळत असाल तर घर्षणाचे अंश बरेच जास्त धरावे लागतात. हिशेब ढोबळ आहे, पण कोमट पाण्यात यीस्ट भिजवण्याची सवय उन्हाळ्यातही सोडत नाही, अशांनी तो एकदा करून बघावा.

दुप्पट झालं की नाही हे ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. पसरट परातीत किंवा तोंडाशी रुंद होणाऱ्या भांड्यात पीठ दुप्पट झालं तरी दीडपट दिसतं. मळून झाल्यावर लिंबाएवढा गोळा काढा, सरळ उभ्या भिंतीच्या काचेच्या पेल्यात दाबून बसवा, त्याच्या उंचीवर रबरबँड लावा आणि पेला पिठाशेजारीच ठेवा. पेल्यातलं पीठ रबरबँडच्या दुप्पट उंचीला आलं की परातीतलंही आलं.

यानंतर इतकं छान फुगलेलं पीठ आपण दाबून का टाकतो, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. मोठ्या बुडबुड्यांतला गॅस गेला तरी पाण्यात विरघळलेला पिठातच राहतो. दाबल्याने मोठे बुडबुडे मोडून लहान होतात आणि यीस्टच्या पेशी, ज्या एका जागी आसपासची साखर संपवून बसलेल्या असतात, नव्या साखरेपाशी पोचतात. पिठाला बुक्के मारायची गरज नाही, तळव्याने दाबून घडी घातली की झालं. मग गोळे करा, वरची कातडी ताणून कड खाली घ्या आणि तुपाचा हात लावलेल्या साच्यात बोटाएवढं अंतर सोडून मांडा.

खरी परीक्षा या दुसऱ्या फुगण्याची. आता यीस्ट रंगात आलेलं असतं आणि पाणी गॅसने आधीच भरलेलं असतं, म्हणून हे पहिल्यापेक्षा लवकर होतं: 30 अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास. बेकरीत यासाठी वाफेचं कपाट असतं. घरी बंद ओव्हनमध्ये साच्याशेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवलं तरी काम होतं. ऊब हवीच, पण वाफ जास्त महत्त्वाची, कारण गोळ्यांची कातडी सुकली की ती फुगत नाही आणि भट्टीत तडकते.

गोळे एकमेकांना टेकले की बोट पाण्यात बुडवून एका गोळ्याच्या कडेला अर्ध्या पेराएवढं दाबा. खळगा चटकन भरून आला तर जाळ्यात अजून ताण आहे, थांबा. सावकाश भरत येऊन थोडासा खड्डा राहिला तर भट्टी तापलेली हवी. खळगा तसाच राहिला किंवा गोळाच बसला, तर भिंती इतक्या पातळ झाल्या आहेत की त्यांच्यात परतायचं बळ उरलेलं नाही.

भट्टीत गेल्यावर पाव आणखी एकदा उसळी घेतो. उष्णतेने बुडबुड्यांतला गॅस प्रसरण पावतो, पाण्यात विरघळलेला बाहेर पडतो, अल्कोहोल आणि पाण्याची वाफ होते, आणि यीस्ट साधारण 55 ते 60 अंशांना मरेपर्यंत काम करत राहतं. ही उसळी पेलायला भिंतीत थोडी जागा शिल्लक लागते. कमी फुगलेल्या पावात भिंती आखडलेल्या असतात, गॅसला वाट मिळत नाही म्हणून तो कडेला फाडून बाहेर येतो. आत तळाशी घट्ट, गचका पोत राहतो. जास्त फुगलेल्यात भिंती तिथेच फुटतात. पाव वरून सपाट, सुरकुतलेला होतो, आणि रंगही फिका राहतो, कारण वरच्या सालीला तांबूस करणारी साखर यीस्टने आधीच फस्त केलेली असते. आतून दारूसारखा वास येतो तो वेगळाच.

हे साच्यात असतानाच लक्षात आलं तर पीठ टाकून देऊ नका. गोळे काढा, दाबून गॅस घालवा, पुन्हा वळा आणि पुन्हा फुगू द्या. दुसऱ्या वेळी ते आणखी लवकर फुगेल, म्हणून डोळा ठेवा. हा उपाय एकदाच चालतो. त्यानंतर साखरही संपत आलेली असते आणि ग्लुटेनही थकलेलं.

चव हवी असेल तर उलट्या दिशेने जावं. यीस्ट अर्धं, म्हणजे अडीच ग्रॅम घ्या आणि वळलेले गोळे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. 4-5 अंशांना यीस्ट जवळपास थांबतं, पण एन्झाइम्स आणि आम्लं तयार करणारे जिवाणू अगदीच स्वस्थ बसत नाहीत, त्यामुळे पावाला थोडा आंबूस, भरलेला स्वाद येतो. गोव्यातले पोदेर पूर्वी पिठात माडाची सूर घालत, तेव्हा सुरेतल्या यीस्टबरोबर असे जिवाणूही आपसूक पिठात येत. सकाळी लादी बाहेर काढल्यावर तिला तासभर तरी द्या. बोटाची परीक्षा मात्र इथे फसवते, कारण थंड पीठ आणि त्यातलं लोणी घट्ट असल्याने खळगा सावकाशच भरतो आणि पाव तयार झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी गोळे एकमेकांना नीट टेकून साच्याच्या काठाशी आले आहेत का, एवढंच बघावं.