बॉनेट पोलादाचं की अ‍ॅल्युमिनियमचं?

मोटारीचं बॉनेट पोलादी पत्र्याचं असेल तर साधारण 15 किलो भरतं, अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर 8 किलोच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या एक तृतीयांश असली, तरी वजन तितकं उतरत नाही. या धातूचा ताठपणाही एक तृतीयांशच असतो, त्यामुळे पत्रा जाड घ्यावा लागतो. तरीही 7 किलो वाचतात आणि पेट्रोल कमी लागतं.

पण गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच बरीच ऊर्जा खर्च झालेली असते. खाणीपासून तयार पत्र्यापर्यंत लागलेली ही अंतर्भूत ऊर्जा पोलादासाठी किलोमागे ढोबळमानाने 30 मेगाज्यूल, तर खनिजापासून बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियमसाठी 200 मेगाज्यूल असते. लोहखनिजातला ऑक्सिजन भट्टीतल्या कोकने निघतो. अ‍ॅल्युमिनातला इतका घट्ट असतो की त्यासाठी विजेचा प्रवाह लागतो. या एकाच टप्प्यात किलोमागे सुमारे 14 युनिट वीज जाते, आणि भारतात ही वीज बहुतांशी कोळशाची असते.

आता हिशेब मांडू. पोलादी बॉनेटचे 450 मेगाज्यूल, अ‍ॅल्युमिनियमचे 1600. फरक 1150 मेगाज्यूलचा, म्हणजे जवळपास 35 लिटर पेट्रोलइतका. गाडी 100 किलोने हलकी झाली, तर 100 किलोमीटरमागे सुमारे 0.3 लिटर वाचतं, असं धरू. त्या दराने 7 किलोंच्या बचतीतून हा खर्च भरून यायला 1 लाख 65 हजार किलोमीटर धावावं लागतं. तेवढं न धावणाऱ्या गाडीसाठी पोलादच बरं.

भंगार वितळवून केलेल्या धातूमुळे हे चित्र पालटतं. खनिजाच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनियम वितळवायला जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते. गोळा करणं आणि लाटणं धरलं, तरी दोन्ही धातूंची बॉनेटं दीडशे मेगाज्यूलच्या आसपास येतात. मग हलकं बॉनेट पहिल्या किलोमीटरपासून फायद्यात असतं.

अडचण असते ती भंगाराच्या शुद्धतेची. जुनी गाडी यंत्रात चिरडली की पोलाद चुंबकाने वेगळं होतं, पण त्यात मोटारीच्या गुंडाळ्यांचं तांबं राहिलं, तर पत्रा गरम लाटताना तडे जातात. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टचं लोखंड मिसळलं, तर ते परवडेल अशा खर्चात काढता येत नाही. त्याचे ठिसूळ, सुईसारखे स्फटिक बनतात आणि पत्रा दाबताना फाटतो. म्हणून असं भंगार बहुतेक सिलिंडर हेडसारख्या ओतीव भागांत जातं.

फोर्डने 2015च्या एफ-150 ट्रकची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली. कारखान्यातल्या कात्रणांची मिश्रधातूनुसार विभागणी करून ती पत्रा बनवणाऱ्यांकडे परत पाठवली जातात. जुन्या गाड्यांमधून मिळणारा पत्रा असा सुटा राहत नाही. बॉनेट मात्र बिजागऱ्यांचे मोजके बोल्ट काढले की अख्खं हाती येतं. चिरडण्याआधी तेवढं काम केलं आणि पोलादी कडी, बिजागऱ्या वेगळ्या केल्या, तर त्या पत्र्यापासून पुन्हा पत्रा बनू शकतो.