राखी कोणी कोणाला बांधायची?

श्रावणातल्या पौर्णिमेला महाराष्ट्रात एकाच दिवशी बरेच काही घडते. किनाऱ्यावर कोळी समाज समुद्राला नारळ वाहतो, काही घरांत श्रावणी म्हणून जानवे बदलले जाते आणि घरोघरी बहिणी भावांना राखी बांधतात. यातली राखी आज सर्वांत ठळक असली तरी मराठी घरांत भावाला ओवाळण्याचा जुना दिवस दिवाळीतल्या भाऊबीजेचा. श्रावणी पौर्णिमेला इथे धागा होता, पण तो वेगळा होता. त्याला पोवते म्हणत आणि या तिथीचे एक नाव पोवती पौर्णिमा असेही आहे. कापसाच्या सुताचे नऊ पदर एकत्र करून त्यांना आठ, बारा किंवा चोवीस गाठी मारायच्या, ते पोवते आधी देवाला वाहायचे आणि मग घरातल्या माणसांनी धारण करायचे, अशी ती रीत. त्यात भाऊ-बहीण असा भेद नव्हता. धागा साऱ्या घराचा होता.

पुराणातला रक्षाबंधनाचा विधीही भावाबहिणीचा नाही. भविष्यपुराणात कृष्ण युधिष्ठिराला तो सांगतो. अक्षता, पांढरी मोहरी आणि सोने कापडात बांधून लहानशी पुरचुंडी करायची आणि ती पुरोहिताने राजाच्या मनगटाला बांधायची. त्याच पुराणातल्या कथेत असुरांपुढे हरत चाललेल्या इंद्राच्या हाताला शची रक्षा बांधते, आणि शची ही इंद्राची पत्नी. बांधताना म्हणायचा मंत्र आजही पुष्कळ घरांत म्हटला जातो. ज्या बंधनाने महाबली बळिराजा बांधला गेला त्याच बंधनाने तुला बांधतो, असे त्यात म्हटले आहे आणि शेवटी प्रत्यक्ष धाग्यालाच तू ढळू नकोस अशी विनवणी आहे. मंत्रात बहिणीचा किंवा भावाचा उल्लेख कुठेच येत नाही. मुहूर्तासाठी पाळली जाणारी भद्राही याच शास्त्रातून आली. पौर्णिमा तिथीचा पूर्वार्ध विष्टी करणाचा, म्हणजे भद्रेचा असतो. तो टळल्यावर राखी बांधावी असे पंचांगात सांगितलेले असते.

मग हा सण बहिणीचा कसा झाला? त्याचे एक बोलके उत्तर उत्तर प्रदेशातल्या एका गावात सापडते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मॅकिम मॅरियट यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अलीगढ जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास केला आणि लिहिताना त्या गावाला किशनगढी असे टोपणनाव दिले. त्या गावी या पौर्णिमेला दोन वेगळे सोहळे शेजारी शेजारी चालत. पहिल्याचे नाव सलूनो. लग्न झालेल्या मुली श्रावणात माहेरी आलेल्या असत आणि या दिवशी त्यांचे नवरे त्यांना न्यायला येत. निघण्यापूर्वी त्या, आणि त्यांच्याबरोबर बिनलग्नाच्या बहिणीही, जवाचे कोवळे अंकुर भावांच्या डोक्यावर आणि कानांवर ठेवीत. भाऊ त्यांना थोडी नाणी देत. दुसरा सोहळा पुराणातला. गावचे भटजी यजमानांच्या घरी जात, मनगटाला गोंडे लावलेला रंगीत दोरा बांधत, आशीर्वाद देत आणि दक्षिणा घेत.

मॅरियट यांनी हे दोन सोहळे एकाच प्रक्रियेची दोन टोके असावीत असे मांडले. जवाचे अंकुर आणि भटजींचा दोरा समोरासमोर ठेवले की आजची राखी डोळ्यांपुढे उभी राहते. दोरा भटजींच्या हातून बहिणीच्या हाती आला आणि अंकुरांमागची माया त्या दोऱ्यात उतरली. भावाने दिलेली नाणी आणि यजमानाने दिलेली दक्षिणा यांचीही सरमिसळ झाली असावी. जुनी रीत पुरती मात्र पुसली गेलेली नाही. नेपाळात याच दिवशी जनै पूर्णिमा असते आणि तिथे पुरोहित स्त्री-पुरुष सगळ्यांच्या मनगटाला डोरो बांधतो. मारवाडी घरांत बहीण भावाबरोबर वहिनीच्या बांगडीलाही लुंबा नावाची लोंबती राखी बांधते. नात्यात नव्याने आलेली बाई त्या दिवशी बाजूला उभी राहत नाही.

सख्खा भाऊ राखी न बांधताही भाऊच असतो. धाग्याला खरे काम पडते ते नाते दूरचे किंवा अजिबात नसते तेव्हा. राजस्थानात याची सर्वांत तपशीलवार नोंद जेम्स टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने ठेवली. पश्चिम राजपुताना संस्थानांचा पोलिटिकल एजंट असलेल्या टॉडचा राजस्थानच्या इतिहासावरचा ग्रंथ 1829 ते 1832 या काळात दोन खंडांत निघाला. राजघराण्यातली स्त्री अडचणीच्या वेळी परक्या पुरुषाला राखी पाठवी आणि तो तिचा राखीबंद भाई होई, असे तो सांगतो. भावाने उलट काचळी, म्हणजे रेशमी किंवा जरीची चोळी पाठवली की नाते स्वीकारल्याची खूण झाली. या बहिणीसाठी भावाने जीव धोक्यात घालायचा, पण पडद्यामुळे तिचे तोंडही त्याच्या दृष्टीला पडायचे नाही. टॉडला स्वतःला उदयपूर, बुंदी आणि कोटा इथल्या राण्यांच्या राख्या आल्या होत्या. त्यातली बुंदीची राखी नीट पाहण्यासारखी आहे. बुंदीचा राजा 1821 मध्ये पटकीने वारला. मागे अल्पवयीन मुलगा रामसिंह होता आणि त्याचा सांभाळ राजाने टॉडवर सोपवला होता. त्यानंतर राजमातेने टॉडला राखी पाठवली. सरकारी पालक आता नात्याच्या हिशेबाने मुलाचा मामा झाला. भाच्याचे भले पाहणे हे मामाचे कामच, त्यामुळे त्याला वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

चितोडच्या राणी कर्णावतीने हुमायूनला राखी पाठवल्याची लोकप्रिय गोष्टही टॉडच्याच ग्रंथामुळे घरोघरी पोचली. समकालीन फारसी ग्रंथांत तिचा उल्लेख नाही आणि इतिहासकार ती दंतकथा मानतात. 1535च्या मार्च महिन्यात गुजरातच्या बहादूरशहाने चितोड घेतले तेव्हा हुमायून मदतीला पोचलेला नव्हता, एवढे निश्चित. तरीही ही गोष्ट टिकून राहिली, कारण धर्म आणि वैर ओलांडूनही राखीने भाऊ करता येतो हे लोकांना पटत होते.

चुलत-मावस भावंडांचा प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण महाराष्ट्रात त्याला एक बारीक गाठ आहे. उत्तर भारतात आईकडची आणि बापाकडची सगळी भावंडे एकाच रांगेत बसतात. बहुतेक ठिकाणी गावातली प्रत्येक मुलगी गावाची बहीण मानली जाते. सोयरीक करायची तर बाहेरच्या गावात. महाराष्ट्रात मात्र अनेक जातींमध्ये मामाची मुलगी करण्याची रीत आहे. इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये निघालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात हा फरक विस्ताराने मांडला. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही, असा मराठ्यांसारख्या समाजांचा नियम त्यांनी नोंदवला. त्यामुळे चुलतबहीण आणि मावसबहीण यांची राखी कुणालाही खटकत नाही, पण अशा घरांत मामेबहिणीने आतेभावाला राखी बांधली की एका संभाव्य स्थळाचे दार बंद होते. थोरली माणसे म्हणूनच काही वेळा तिथे अडखळतात. राखीची रीत उत्तरेकडून आली आणि मामेबहिणीची रीत इथली जुनी, त्या दोन्हींचा हा सांधा आहे.

आता हा सांधा बराच सैल झाला आहे. घरांत एक किंवा दोनच मुले असतात आणि एकुलत्या एक मुलीला सख्खा भाऊ नसतोच. आजीच्या घरी सगळे जमतात तेव्हा चुलत, मावस, आते, मामे असे सगळे भाऊ एका ओळीत पाटावर बसतात. ताटात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी असते. टिळा लावायचा, डोक्यावर अक्षता टाकायच्या, सुपारी आणि अंगठी भावाच्या चेहऱ्याभोवती फिरवायची, मग निरांजनाने ओवाळायचे, उजव्या मनगटाला राखी बांधायची आणि तोंड गोड करायचे. ताट एकच असते आणि ओळीतल्या शेवटच्या धाकट्यालाही विधी पूर्ण मिळतो. थोरल्याला एक रीत आणि लहानग्याला दुसरी, असे होत नाही. ज्यांच्याकडे भाऊ नाही अशा बहिणी एकमेकींना बांधतात. त्यात शास्त्राला धक्का लागतो असे म्हणायला आधार नाही, कारण मुळात पुराणातला धागा भावाचा नव्हताच.

रक्ताचे नाते नसलेल्यांना राखीने जोडण्याचा सर्वांत मोठा प्रयोग बंगालमध्ये झाला आणि तो श्रावणात नव्हे, आश्विनात. 16 ऑक्टोबर 1905 रोजी बंगालची फाळणी अमलात आली. त्या दिवशी हिंदू-मुसलमानांनी एकमेकांना राखी बांधावी असे रवींद्रनाथ ठाकुरांनी सुचवले होते. रामेंद्रसुंदर त्रिवेदींच्या सूचनेवरून अनेक घरांत चूल पेटवायची नाही असेही ठरले. सकाळी रवींद्रनाथ गंगेवर स्नानाला चालत निघाले. बरोबर माणसांचा लोंढा होता आणि दिसेल त्याला राखी बांधली जात होती. त्यांचे पुतणे अवनींद्रनाथ यांनी त्या सकाळची आठवण सांगितली आहे. परतताना एका तबेल्यात मुसलमान मोतद्दार घोड्यांना खरारा करत होते. रवींद्रनाथ सरळ त्यांच्याकडे गेले आणि राखी बांधून त्यांना मिठी मारली. मोतद्दार चकित झाले. पुढे चितपूरच्या मशिदीत जाऊन मौलवींना बांधायचे ठरले तेव्हा मारामारी होईल या धास्तीने अवनींद्रनाथ स्वतः सटकले. मौलवींनी हसत राख्या बांधून घेतल्या. फाळणी रद्द झाल्याची घोषणा 1911च्या डिसेंबरात झाली, तिला राखीपेक्षा इतर कारणे अधिक होती. पण पुरुषाने पुरुषाला, मालकाने नोकराला आणि एका धर्माच्या माणसाने दुसऱ्या धर्माच्या माणसाला राखी बांधता येते, हे त्या दिवशी रस्त्यावर दिसले.

मैत्रीतली राखी याच वळणाची आहे, पण तिला एक अट लागते. दोघांनाही ते नाते हवे असले पाहिजे. शाळा-कॉलेजात पिच्छा पुरवणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी राखी बांधली जाते, किंवा शिक्षक आणि वडीलधारे मुलींकडून वर्गातल्या सगळ्या मुलांना ती बांधून घेतात. तिथे नाते जुळत नाही, फक्त अंतर पाडले जाते. राजस्थानात राखी आली म्हणजे काम झाले असे नव्हते. काचळी परत गेली की मगच भाऊ-बहीण झाले. मानलेल्या भावाचे नाते टिकले आहे हे पुढच्या वर्षांत ओळखता येते. लग्नात तो पाहुण्यासारखा बसत नाही, कामाला लागतो, आणि आजारपणात त्याला निरोप धाडावा लागत नाही.

काचळीकडे पाहिले की ओवाळणीचाही अर्थ उलगडतो. ती मोबदला नव्हती, नाते पत्करल्याची पोच होती, आणि म्हणून तिची किंमत दुय्यम होती. किशनगढीतले भाऊ नाणीच देत. आज पाकिटातली रक्कम आणि भेटवस्तू यांची तुलना होते तेव्हा ही पोच हरवते. पण त्याहून अवघड प्रश्न दुसराच आहे. पुष्कळ बहिणी वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडतात आणि हक्कसोडपत्रावर सही करतात, कारण माहेरचे दार उघडे राहावे असे त्यांना वाटते. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी 1994च्या त्यांच्या ग्रंथात दक्षिण आशियातल्या स्त्रिया आणि जमीन यांचा अभ्यास करताना हाच व्यवहार दाखवला: सणासुदीचे बोलावणे आणि अडीअडचणीला भावाचा आधार यांच्या बदल्यात बहीण हक्क सोडून देते. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क 1994 मध्येच दिला. केंद्राच्या कायद्यातली तशी दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मुलीला जन्मतःच मिळतो हे स्पष्ट केले. तेव्हापासून वाटा मागणारी बहीण आणि राखी बांधणारी बहीण कायद्याच्या दृष्टीने एकच आहे. ओवाळणीचे पाकीट त्या वाट्याची जागा घेऊ शकत नाही, आणि वाटा घेतला म्हणून तिची राखी नाकारायला कुठल्याही रीतीचा आधार नाही.