विश्लेषण : मार खाऊनही देहविक्रय करणाऱ्या महिला पोलिसांकडे का जात नाहीत?

कोलकात्यातील जोगेन दत्त लेनमध्ये सप्टेंबर १९९९ मध्ये एका देहविक्रय करणाऱ्या महिलेचा खून झाला. एका पुरुषाला तिने नकार दिला होता. त्याने तिला लाथा मारल्या, केस धरून तिचे डोके भिंतीवर आपटले. त्याच्या जन्मठेपेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०११ रोजी शिक्कामोर्तब केले, पण प्रकरण बंद केले नाही. न्यायालयाने स्वतःहून त्याचे जनहित याचिकेत रूपांतर केले आणि या महिलांचे पुनर्वसन व सन्मानाने जगण्याच्या अटी सुचवण्यासाठी समिती नेमली. त्यातूनच १९ मे २०२२ चा बहुचर्चित आदेश आला.

‘नाही’ म्हणणाऱ्या बाईवर हात उगारणाऱ्याला बऱ्याचदा एका गोष्टीची खात्री असते : ही तक्रार करणार नाही. ही खात्री येते कुठून?

कायदा नेमके काय म्हणतो?

सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने देहविक्रय करणे हा भारतात स्वतःहून गुन्हा नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोलिसांच्या भाषेत ‘पिटा’, गुन्हा ठरवतो तो त्याभोवतीच्या गोष्टींना. कुंटणखाना चालवणे, त्यासाठी जागा देणे, या कमाईवर जगणे, सार्वजनिक ठिकाणी ग्राहकाला खुणावणे, हे सारे गुन्हे आहेत.

खरी मेख कुंटणखान्याच्या व्याख्येत आहे. दोन किंवा अधिक महिला परस्परांच्या फायद्यासाठी एका जागेत हा व्यवसाय करत असतील, तर ती जागाही कुंटणखाना ठरते. म्हणजे दोघींनी एकमेकींच्या सोबतीसाठी मिळून खोली घेतली, तरी त्या कायद्याच्या कचाट्यात सापडतात. रस्त्यावर उभे राहिले तर खुणावल्याचा आरोप. उरते काय? एकटीने, आडबाजूला, अनोळखी माणसाबरोबर जाणे. मारहाणीचा धोका सर्वाधिक तिथेच असतो.

कमाईवर जगण्याचे कलम दलालासाठी आहे. पण १८ वर्षांवरील जी व्यक्ती अशा महिलेबरोबर राहते, तिच्याविरुद्ध कायदा तेच गृहीत धरतो. तसे नाही हे त्या व्यक्तीने सिद्ध करायचे. त्यामुळे कॉलेजात जाणारा मुलगाही अडकू शकतो. आता विचार करा, रात्री मार खाल्लेली बाई ठाण्यात गेली तर पहिला प्रश्न काय येईल? ‘कुठे राहतेस, कोणाबरोबर?’ खरे सांगावे तर घरमालक आणि मुलगा धोक्यात, खोटे सांगावे तर तक्रार कच्ची. तिच्याच पर्समधले निरोध तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवले गेल्याची तक्रार तर वर्षानुवर्षांची आहे. म्हणून ती गप्प बसते, आणि मारणाऱ्याला ते ठाऊक असते.

२०२२ च्या आदेशाने काय बदलले?

‘आता पोलिसांना हस्तक्षेप करता येणार नाही’ असे मथळे तेव्हा झळकले. ते अर्धसत्य होते. सज्ञान महिला स्वेच्छेने हे काम करत असेल तर पोलिसांनी कारवाई करू नये, छाप्यात तिला अटक करू नये, या समितीच्या शिफारशींवर केंद्राने आक्षेप घेतला होता. न्यायालयाने तात्काळ पालनाचे आदेश दिले ते ज्यांवर केंद्र सहमत होते त्यांच्यापुरते. लैंगिक अत्याचार झाल्यास कोणत्याही पीडितेप्रमाणे तातडीने वैद्यकीय मदत, पोलिसांकडून सभ्य वागणूक, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा न मानणे, छाप्याच्या बातम्यांत ओळख उघड न करणे आणि इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान महिलांची सुटका, या त्यातल्या मुख्य बाबी.

शेवटच्या मुद्द्याला महाराष्ट्रातले उदाहरण आहे. २०१९ मध्ये मालाडमधून ‘सुटका’ केलेल्या तीन सज्ञान तरुणींना दंडाधिकाऱ्यांनी एक वर्ष सुधारगृहात ठेवण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या आरोपी नाहीत आणि सज्ञान व्यक्तीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, असे कारण त्यात होते. ज्यांना वाचवले म्हणायचे, त्यांनाच सुटण्यासाठी कोर्टात जावे लागले!

वाद कशावर आहे?

सांगलीतील ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही या महिलांचीच संघटना. हे काम आहे, काम म्हणून मान्यता द्या आणि कामगाराला मिळते ते संरक्षण द्या, अशी या चळवळीची मांडणी आहे. आम्हाला वाचवू नका, मारहाण होते तेव्हा आमची फिर्याद नोंदवा, असा तिचा साधा अर्थ.

दुसरी बाजूही स्त्रीवाद्यांचीच आहे. गरिबी, जात आणि फसवणूक यांतून आलेल्या ‘निवडी’ला निवड म्हणावे का, हा त्यांचा सवाल. मान्यतेचा फायदा दलाल उठवतील, ही भीतीही निराधार नाही. अल्पवयीन मुलींची विक्री आजही होते. पण सक्तीने आणलेल्या मुलीची खबर लागते ती बहुधा त्याच वस्तीतल्या बाईला. ती खबर ठाण्यापर्यंत नेण्यासाठी त्या बाईला स्वतःच्या अटकेची भीती वाटता कामा नये, आणि त्याविषयीची शिफारस अजून बंधनकारक झालेली नाही.