सव्वासहाचे शटर

वरवंडला पुणे-सोलापूर महामार्ग सोडून गावात शिरले की बाजारपेठेच्या तोंडाशी आमचे स्टेशनरीचे दुकान लागते. दादाजींनी ते सुरू केले आणि आता पप्पा पाहतात. मी पुण्याला बी. बी. ए. करते. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत आम्हाला एक प्रकल्प दिला होता: एखादा व्यवसाय निवडून त्याच्या स्पर्धकांचे विश्लेषण करायचे. मैत्रिणींनी मोठ्या मोठ्या कंपन्या घेतल्या. मी आमचे दुकान घेतले.

पप्पांना ते कळले तेव्हा ते म्हणाले, "त्यात विश्लेषण कसले? समोर बघ."

समोर, रस्त्यापलीकडे, दीड वर्षापूर्वी नवे दुकान झाले होते. त्याचा मालक आमच्याकडेच सात वर्षे कामाला होता. वह्यांचा गठ्ठा सुतळीने कसा बांधावा, हे पप्पांनीच त्याला शिकवलेले. २०२३ च्या दिवाळीत त्याने स्वतःचे दुकान थाटले आणि आता तो दोनशे पानी वही आमच्यापेक्षा चार रुपये कमी भावाने देत होता. पप्पा त्याच्याविषयी वाईट बोलत नसत; पण त्याचे नावही घेत नसत. यंदा १६ जूनला शाळा उघडण्यापूर्वी आपणही वही तीस रुपयांना लावायची, असे त्यांनी ठरवले होते.

मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला. आमची वहीची खरेदी अठ्ठावीस रुपयांची, विक्री चौतीसची. जूनमध्ये साधारण बाराशे वह्या जातात, म्हणजे नफा ७,२०० रुपये. तीसने विकल्या तर वहीमागे दोनच रुपये सुटणार, एकूण २,४०० रुपये. पूर्वीइतकाच नफा हवा असेल तर ३,६०० वह्या विकाव्या लागतील. पप्पांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "मग त्याला कसे परवडते?"

खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर त्याच्या दुकानातूनच मिळणार होते. खोटे गिऱ्हाईक बनून भाव काढून आणायचे, ही पद्धत आम्हाला वर्गात शिकवली होती. शेजारच्या मुलाला पाठवायचा माझा विचार पप्पांनी तिथेच थांबवला. "लेकराला खोटे बोलायला लावू नको. तू स्वतः जा, पैसे मोज, माल घे, बिल घे. मग ते भाव तुझे."

मी गेले. सहावीच्या मुलाची यादी काढून सगळे सामान घेतले. त्याने अर्थातच ओळखले. "ताई, तुमच्याच दुकानात असताना?" म्हणाला. मी प्रकल्पाचे खरे कारण सांगितले. तो हसला आणि कंपासपेटी पुसून पिशवीत घातली.

घरी येऊन दोन्ही बिले शेजारी ठेवली. आठ वह्यांचे आमचे २७२ रुपये, त्याचे २४०. उरलेल्या सामानात, म्हणजे ब्राऊन कव्हर, लेबले, कंपासपेटी, चित्रकला वही, रंगखडू आणि पेन यांत, आमचे २९० तर त्याचे ३२८. सगळी यादी आमच्याकडे ५६२ ची, त्याच्याकडे ५६८ ची. ज्या वस्तूचा भाव प्रत्येक आईला तोंडपाठ असतो, तिथे तो चार रुपये सोडत होता आणि जिचा भाव कोणी लक्षात ठेवत नाही, तिथे ते भरून काढत होता. यात फसवणूक काहीच नव्हती. पण आम्ही मात्र त्याच्या एका वहीकडेच पाहत बसलो होतो.

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. पप्पांच्या मते वह्यांची विक्री त्याच्यामुळे पडली. मी माळ्यावरून रविवार पेठेतल्या घाऊक खरेदीची जुनी बिले काढली. जून २०२२ मध्ये अठराशे वह्या गेल्या होत्या, जून २०२३ मध्ये साडेअकराशे. पडझड तर त्याचे दुकान होण्याआधीच झाली होती! त्याच वर्षी सरकारने आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने बांधायला सुरुवात केली होती. १९७९ मध्ये हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी स्पर्धेची जी पाच बले मांडली, त्यांत समोरचा दुकानदार हे एकच बल आहे. पर्यायी वस्तू हे दुसरे. आमच्या वहीला पर्याय पाठ्यपुस्तकाच्या पोटातच आला होता. पुढच्या जूनमध्ये, तो समोर आल्यावर, विक्री घटली ती फक्त पन्नास वह्यांनी.

पप्पा बराच वेळ बिले उलटत राहिले. मग म्हणाले, "दीड वर्ष मी त्याच्यावरच ठेवले."

२०२५ च्या जानेवारीत तो कोऱ्या पानांचा निर्णय रद्द झाला होता. त्यामुळे यंदा वह्या जास्त लागतील, असे मी सुचवले. पण पप्पांनी सवयीने बाराशेच मागवल्या. शाळा सुरू होताच मी गल्ल्याखाली एक वही ठेवली. ज्या ज्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणावे लागेल, ते तिच्यात लिहायचे. पहिल्याच आठवड्यात 'दोनशे पानी संपली' असे बावीस वेळा लिहिले गेले.

पण त्या वहीत एक उणीव होती. आपण दुकानात नसताना कोण परत गेले, हे तिला कळत नाही. पप्पा सूर्यास्तापूर्वी जेवतात. सव्वासहाला शटर ओढतात आणि साडेसातला उघडतात. दादाजींच्या काळापासून तसेच आहे. एका संध्याकाळी मी बंद दुकानाच्या पायरीवर बसले. शाळेतून घरी आलेल्या मुलाला उद्या काय न्यायचे आहे, ते नेमके याच वेळी आठवते. महाराष्ट्राचा नकाशा, घोटीव कागद, कार्डशीट, आधारची झेरॉक्स. माणसे येत, शटरकडे पाहत आणि रस्ता ओलांडत. सहा संध्याकाळी मिळून सदतीस जण. ज्यांना विचारता आले त्यांच्या मागणीची बेरीज हजाराच्या वर गेली.

तो आकडा दाखवताना मला भीती वाटत होती. जेवणाची वेळ बदला, असे मी सुचवणारच नव्हते. मी एवढेच म्हटले, "मम्मी साडेपाचला जेवून बसेल."

पप्पांनी मान हलवली नाही, की नकारही दिला नाही. दादीजी आतून म्हणाल्या की घरच्या बाईने गल्ल्यावर बसायची रीत नाही. वहीचा भाव तीस करायला जे एका रात्रीत तयार झाले होते, त्यांना या गोष्टीला आठ दिवस लागले. हे मी अहवालात लिहिले नाही. सरांनी त्यावर लाल शेरा मारला होता: एकट्या जूनच्या आठवड्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नये, ऑगस्टमध्ये पुन्हा मोजावे. शेरा योग्यच होता.

जुलैच्या पहिल्या सोमवारी सव्वासहाला पप्पा उठले. सवयीने हात शटरकडे गेला, मग खाली आला. मम्मी खुर्चीवर बसली. वहीचा भाव चौतीसच होता. पहिलाच मुलगा भारताचा नदीचा नकाशा मागत आला. आमच्याकडे फक्त राजकीय होता.

"समोर मिळेल बघ," मम्मी म्हणाली, आणि गल्ल्याखालची वही काढून तिने पहिली नोंद लिहिली.