पहिल्या पगाराआधीचे चाळीस दिवस

लातूरहून पुण्याला निघालेल्या भाचीच्या बॅगेत ताईंनी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लोणच्याच्या तीन बरण्या भरल्या. कपड्यांना जागा उरली नाही! भाची हसत होती, पण ‘मामा, पैसे पुरतील ना?’ हा प्रश्न तिने दोनदा विचारला.

प्रश्न रास्त होता. ती २२ जूनला रुजू होणार होती. अनेक कंपन्यांत महिन्याच्या विशीच्या सुमारास पगाराचा हिशोब बंद होतो. त्यानंतर आलेल्याचे उरलेले दिवस पुढच्या पगारात धरतात. म्हणजे पहिला पगार थेट ३१ जुलैला.

आम्ही वहीत मांडणी केली. खोलीतल्या तिच्या वाट्याचे डिपॉझिट १८ हजार, दोन भाडी १२ हजार, मेस ६ हजार, प्रवास आणि किरकोळ ४ हजार. एकूण ४० हजार. आकडा कागदावर आला तशी तिची धाकधूक कमी झाली.

डिपॉझिट बँकेतून द्यायचे, आणि ते कधी व कोणत्या कपातीनंतर परत मिळेल हे करारात लिहून घ्यायचे, असे ठरले. महाराष्ट्रात भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते.

नव्या शहरात जाणाऱ्यांनो, रुजू होण्याआधी कंपनीला एवढे जरूर विचारा: माझा पहिला पगार नेमका कोणत्या तारखेला होईल?